टेस्ट झाली, शॉर्टलिस्ट अडकलीय: तोपर्यंत काय तपासायचं

मागच्या कॅम्पस प्लेसमेंट ड्राइव्हचं अपडेट देतोय. अ‍ॅप्टि आणि कोडिंग दोन्ही बरे गेले, पण इंटरव्ह्यूची शॉर्टलिस्ट अजून नाही, आणि ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतंच की लिस्ट आली का. पुढच्या वर्षी तुमचंही हेच होणार म्हणून सविस्तर लिहितोय.

लिस्ट बऱ्याचदा आधी टीपीओकडे एक्सेलमध्ये येते, मग कोऑर्डिनेटर ती ग्रुपवर टाकतो. त्यात पूल कॅम्पस असेल तर बाकीच्या कॉलेजांच्या टेस्ट संपेपर्यंत कंपनी कटऑफ ठरवत नाही असंही होतं, त्यामुळे उशीर झाला म्हणजे आपण बाद असं लगेच धरू नका. कुठल्या कॉलेजचा स्लॉट राहिलाय का एवढं कोऑर्डिनेटरला विचारा, अर्धं टेन्शन तिथेच जातं.

आता खरं महत्त्वाचं. स्कोअर चांगला असूनही नाव गळू शकतं, कारण आधी क्रायटेरियाचा फिल्टर लागतो. आमचा एक मित्र डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. आधीच्या एका ड्राइव्हला त्याचे दोन्ही कोड सगळ्या टेस्ट केस पास होते तरी लिस्टमध्ये नाव नाही. कॉलेजने पाठवलेली शीट उघडून बघितली तर बारावीचा कॉलम रिकामा आणि डिप्लोमाचे टक्के शेवटच्या रिमार्क कॉलममध्ये, आणि क्रायटेरिया होता दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, डिग्री सगळीकडे 60 टक्के. रिकामा रकाना म्हणजे फिल्टरमध्ये 60 च्या खालीच की! टीपीओ सरांनी दुरुस्त रो आणि मार्कशीट पाठवल्यावर त्याचं नाव पुरवणी लिस्टमध्ये आलं. म्हणून डिप्लोमावाल्यांनी लिस्ट यायच्या आधीच आपली रो बघून घ्या. बाकीच्यांनी लाइव्ह बॅकलॉगचा कॉलम बघा, रीव्हॅल्युएशनमध्ये विषय सुटला तरी शीटवर जुनाच आकडा राहिलेला असतो.

फॉलोअप करायचा तर टीपीओमार्फतच करा, लिंक्डइनवर एचआरला दहा जणांनी मेसेज टाकले तर कॉलेजचंच नाव खराब होतं. मेलमध्ये पूर्ण नाव, पीआरएन, ब्रँच, टेस्टची तारीख, कँडिडेट आयडी आणि रजिस्टर केलेला मेल आयडी द्या, आणि "रिझल्ट कधी लागेल" असं मोघम न विचारता "माझी पात्रता शीटवर बरोबर गेलीय का" असं विचारा, याचं उत्तर सरांना लगेच देता येतं. स्पॅम फोल्डर रोज बघा, इंटरव्ह्यूची लिंक तिकडे जाते. डिपॉझिट मागणारा मेल आला तर पैसे न भरता आधी टीपीओला दाखवा.

आणि वाट बघताना दुसरे ड्राइव्ह सोडू नका. रिझल्ट पेंडिंग म्हणजे अजून प्लेस झालेलो नाही, आमच्याकडे तरी पुढच्या कंपनीला बसू देतात. पण कॉलेजमध्ये एक विद्यार्थी एक ऑफर नियम असेल तर ज्या कंपनीची ऑफर आधी येईल तिथेच तुम्ही लॉक होता, मग इकडची लिस्ट नंतर लागली तरी उपयोग नाही. जास्त पॅकेजच्या कंपनीला सूट आहे का, असेल तर किती फरकाला, हे पुढचा फॉर्म भरायच्या आधी सरांना मेलवर विचारून घ्या, तोंडी नको.