पाण्यात उभी फुलं दुसऱ्या दिवशी मान का टाकतात? या चुका टाळा

गेल्या जानेवारीत घरी हळदीकुंकू होतं. आदल्या संध्याकाळी जांभळी नाक्यावर गेले आणि अडीचशे रुपयांत वीस गुलाबांची एक जुडी, निशिगंधाच्या पाच काड्या आणि पांढऱ्या शेवंतीची जुडी घेऊन रिक्षाने पाचपाखाडीला परत आले. तिळाची चिक्की अजून थापायची होती, म्हणून फुलं कागदात गुंडाळलेली तशीच ओट्यावर राहिली. दोन-अडीच तासांनी आठवण झाली तेव्हा सासूबाईंच्या पितळी कळशीत भरपूर पाणी घेतलं, सगळी फुलं तशीच्या तशी आत सोडली आणि झोपले. सकाळी सहा वाजता पाहते तर वीसपैकी सात गुलाबांच्या माना खाली. पाकळ्या टवटवीत, रंग पक्का, पण फुलाच्या अगदी खालचा दोन इंच देठ वाकलेला.

माझी पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची असते तीच: फुलवाल्याने शिळा माल दिला. तो दोष त्याचा नव्हता. कळशीत गळ्यापर्यंत पाणी होतं आणि फुलं तहानेने मान टाकत होती.

कापल्याशिवाय पाण्यात ठेवणं

फुलाच्या दांड्यात बारीक नळ्या असतात आणि पानांतून आणि पाकळ्यांतून पाणी उडून गेलं की त्या ओढीने खालचं पाणी वर चढतं. दांडा कापून कोरडा राहिला की ही ओढ थांबत नाही, फक्त पाण्याऐवजी हवा आत खेचली जाते. मग तो बुडबुडा नळीत अडकून बसतो. नंतर तोच दांडा बादलीभर पाण्यात ठेवला तरी बुडबुड्याच्या वर पाणी जात नाही. गुलाबाची मान हा सगळ्यात कोवळा भाग, त्यामुळे ताठपणा तिथला आधी जातो.

मावळातल्या पॉलीहाऊसमधून निघालेला गुलाब आपल्या हातात येईपर्यंत किती वेळ कोरडा राहिला असेल हे आपल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम चहा नव्हे, दांडे कापणं. पसरट पातेल्यात पाणी घ्यायचं, दांड्याचं टोक पाण्याखाली धरायचं आणि पाण्याखालीच खालून एक-दीड इंच तिरकं कापायचं. पाण्याखाली कापलं की ताज्या तोंडात हवा शिरायला वाव राहत नाही. तिरकं कापल्याने टोक भांड्याच्या तळाला चपटं टेकत नाही, एवढाच त्याचा खरा उपयोग.

कशाने कापता यालाही महत्त्व आहे. दुधाच्या पिशव्या कापायची बोथट कात्री दांडा चेपते आणि त्याच नळ्या चिरडते. भाजीची धारदार सुरी बरी. सुरी आणि पाण्याखाली हात हे जरा जपून, घाईत मी एकदा अंगठा कापून घेतला आहे.

वाकलेली मान: टाकून देण्याआधी

त्या सकाळी पाहुण्या यायला दहा तास होते. सातही गुलाब बाहेर काढले आणि आधी कळीच्या बुडाशी दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिलं. कळी घट्ट लागली तर फूल तरुण आहे आणि फक्त पाणी अडलंय. मऊ, पोकळ लागली तर त्याचं वय झालं आहे, त्याच्यामागे वेळ घालवू नये. सातांपैकी एक मऊ निघाला. त्याच्या पाकळ्या तबकात गेल्या.

उरलेल्या सहांचे दांडे पाण्याखाली पुन्हा दोन इंच कापले. मग वर्तमानपत्राच्या एका पानात सहाही फुलं माना सरळ धरून घट्ट गुंडाळली, वर कळ्यांपर्यंत. ही गुंडाळी महत्त्वाची, कारण मान वाकलेली असताना पाणी चढलं तर ती वाकलेल्या आकारातच ताठ होते. नंतर एका उंच डब्यात, हाताला कोमट लागेल इतक्या पाण्यात, कागदाच्या कडेपर्यंत बुडवून न्हाणीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. कोमट पाणी थंडापेक्षा सहज वर सरकतं आणि अंधारात, वारा नसताना पानांतून आणि पाकळ्यांतून पाणी कमी उडतं. तीन तासांनी कागद सोडला. पाच सरळ उभे राहिले, एक मात्र तसाच वाकडा. तो देठ आखूड कापून वाटीत ठेवला, तिथे मानेला काम नसतं.

ही युक्ती मान वाकून काही तासच झाले असतील तर चालते. दोन दिवस लोंबकळलेला गुलाब तिने उठत नाही.

पाणी बदलणं, पण भांडं न धुणं

दुसरी अडचण अशी की नळ्या फक्त हवेने बंद होत नाहीत. पाण्यात जीवाणू वाढले की त्यांचा चिकट थर कापलेल्या तोंडावर बसतो. ओळखायची खूण सोपी आहे: दांडा बाहेर काढून टोक बोटांत चोळा. बुळबुळीत लागलं किंवा पाणी दुधाळ दिसलं, तर फुलं गेल्या रात्रीपासूनच उपाशी आहेत असं समजा.

जीवाणूंना खाद्य आपणच देतो. पाण्यात बुडलेली पानं एका रात्रीत कुजायला लागतात, आणि यात शेवंती व अॅस्टर सगळ्यात घाण करतात. पाण्याच्या रेषेखालचं एकही पान ठेवू नका, फांदीला पान लागलेलं छान दिसतं तरीही. वरची काही राहू द्या. शेवंतीची पानं फुलांच्या कितीतरी आधी पिवळी पडतात आणि मग फुलं ताजी असूनही सगळा गुच्छ म्हातारा दिसतो, म्हणून पिवळं पान दिसलं की खुडायचं.

रोज फक्त पाणी ओतून नवीन भरणं पुरत नाही, कारण थर भांड्याच्या आतल्या बाजूलाही बसतो. साबण आणि बाटलीचा ब्रश. तोंड अरुंद असेल तर मूठभर तांदूळ, साबण आणि थोडं कोमट पाणी घालून जोरात हलवायचं. कळशीचा घोटाळा मला इथेच कळला: आत अंधार, पाणी दिसतच नाही, आणि ब्रश खांद्यापाशी वळत नाही. आता मी कळशीच्या आत काचेची बरणी बसवते. पितळ बाहेरून दिसतं, पाणी काचेत राहतं.

साखर, नाणं, ब्लीच

आमच्या सोसायटीतल्या काकू पाण्यात रुपयाचं नाणं टाकतात. तांब्याने जीवाणू कमी होतात ही मूळ कल्पना, पण हल्लीचा रुपया स्टेनलेस स्टीलचा असतो, तेव्हा तो पाण्यात पडून नुसता ओला होतो.

साखरेचं तसं नाही. साखर फुलाचं खाणं आहे, विशेषतः निशिगंधासारख्या काडीवरच्या कळ्या उमलायला ती लागते. पण नुसती साखर टाकली तर फुलाआधी जीवाणूच जेवतात आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटतो. साखर घालायची असेल तर सोबत जीवाणू रोखणारं काहीतरी हवंच. मी एक लिटर पाण्यात कपड्यांच्या क्लोरीन ब्लीचचे चार-पाच थेंब टाकून ढवळते, मग चहाचा एक चमचा साखर आणि एक चमचा लिंबाचा रस. आंबटपणाने पाणी नळ्यांतून सहज चढतं. क्रम हाच ठेवा. लिंबाचा रस आणि न पातळ केलेलं ब्लीच कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हे पाणी धातूच्या भांड्यात घालू नये, आंबट आणि ब्लीचने धातू खराब होतो. एवढा खटाटोप नको असेल तर साखरेशिवाय रोज स्वच्छ भांड्यात नळाचं ताजं पाणी, आणि दर दोन दिवसांनी दांड्याला नवा काप. बहुतेक फुलांना तेवढं पुरतं.

सगळ्यांना सारखंच पाणी

पाण्याच्या बाबतीत जरबेरा गुलाबाच्या उलट आहे. त्याचा दांडा मऊ, केसाळ आणि आतून पोकळ, जास्त पाण्यात तो सडतो. त्याला दोन-तीन इंचच पाणी द्या आणि भांडं रोज धुवा. खालचं तपकिरी, टणक टोक पूर्ण कापून टाका, त्यातून पाणी नीट चढत नाही. गुलाबाप्रमाणे त्यालाही मान वाकायची खोड आहे. विक्रेते फुलाखाली प्लास्टिकची टोपी किंवा दांड्यावर नळी घालतात ती घरी आल्यावर लगेच काढू नका, पहिल्या रात्री भरपूर पाणी पिईपर्यंत राहू द्या.

निशिगंध खालून वर उमलतो. घेताना खालच्या दोन-तीन कळ्या उघडलेल्या आणि वरच्या फुगलेल्या पांढऱ्या असाव्यात. वरचं टोक हिरवं, बारीक असेल तर त्या कळ्या घरी बहुधा उघडत नाहीत. खालचं फूल तपकिरी झालं की लगेच खुडा. वनबीएचकेच्या झोपायच्या खोलीत मात्र पाच काड्या ठेवू नका, रात्री वास डोक्यात जातो.

पावसाळ्यात एक वेगळीच चूक होते: उन्हाळ्यातल्या सवयीने फुलांवर पाण्याचा फवारा. ठाण्याची जुलैतली हवा आधीच ओली, त्यात थेंब पाकळ्यांत अडकले की तपकिरी डाग आणि बुरशी. त्या दिवसांत फुलं एकमेकांना टेकू न देता विरळ ठेवा. विरळ ठेवल्यावर रुंद तोंडाच्या बरणीत ती आडवी पडतात, त्यावर उपाय दहा पैशांचा आहे. तोंड कोरडं पुसून त्यावर सेलोटेपच्या तीन पट्ट्या उभ्या, तीन आडव्या लावायच्या आणि प्रत्येक चौकोनात एक-दोन दांडे. कडेला क्रोटनची किंवा मनी प्लांटची पानं आली की टेप दिसत नाही, आणि वीसऐवजी आठ फुलांत बरणी भरते.

हळदीकुंकवाचे गुलाब पाचव्या दिवशी झडले. निशिगंध सातव्या दिवसापर्यंत, दरवेळी थोडा आखूड होत, उंच बरणीतून स्टीलच्या पेल्यात आला. शेवंती बाराव्या दिवशीही होती, तोवर चार इंच उरलेली, स्वयंपाकघराच्या खिडकीत मसाल्याच्या रिकाम्या बाटलीत.