या चुका टाळा: चार्ज होणाऱ्या कपॅसिटरमधील विस्थापन धारा

विस्थापन धारेवरील उत्तरपत्रिका तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ ‘प्लेटांमधली धारा तारेतल्या धारेइतकीच असते’ हे वाक्य अर्धवट पाठ करण्यात असते. वाक्य खरे आहे, पण ते संपूर्ण प्लेटच्या क्षेत्रफळापुरतेच खरे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. 5 सेंमी त्रिज्येच्या दोन गोल प्लेटा 2 मिमी अंतरावर समोरासमोर आहेत आणि मध्यभागी जोडलेल्या लांब सरळ तारेतून 1 मिलिअँपिअर धारा येत आहे. अँपिअरचा मूळ नियम असे सांगतो की बंद मार्गावरील चुंबकीय क्षेत्राचे रेषा-संकलन हे त्या मार्गावर ताणलेल्या कोणत्याही पृष्ठभागातून जाणाऱ्या धारेच्या μ₀ पट असते. तारेभोवतीच्या वर्तुळावर सपाट पडदा ताणला, तर धारा 1 मिलिअँपिअर मिळते; तोच पडदा पिशवीसारखा फुगवून प्लेटांमधून नेला, तर शून्य मिळते. मार्ग तोच असताना उत्तरे दोन, ही अडचण मॅक्सवेलने 1861-62 च्या सुमारास सोडवली. बदलत्या विद्युत फ्लक्सपोटी ε₀ dΦ/dt इतकी धारा मोजायची; हीच विस्थापन धारा. प्लेटवर Q प्रभार असेल तर ε₀Φ = Q, म्हणून dQ/dt म्हणजे तारेतलीच धारा मिळते आणि दोन्ही पडद्यांचा हिशेब जुळतो.

आता सर्वांत लाडकी चूक. प्लेटांच्या मधोमध, अक्षापासून 2 सेंमी अंतरावर चुंबकीय क्षेत्र किती? उतावळा विद्यार्थी B = μ₀I/(2πr) मध्ये पूर्ण 1 मिलिअँपिअर घालतो आणि 10 नॅनोटेस्ला लिहून मोकळा होतो. परंतु विद्युत क्षेत्र प्लेटांमध्ये एकसारखे पसरलेले असल्यामुळे 2 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळातून 4/25 भागच फ्लक्स जातो, धारा 0.16 मिलिअँपिअर आणि क्षेत्र 1.6 नॅनोटेस्ला. कडेशी, म्हणजे 5 सेंमीवर, ते 4 नॅनोटेस्ला होते. आत गेल्यावर क्षेत्र वाढलेले दिसले, तर उत्तर तिथेच खोडावे. अक्षावर ते शून्यच असले पाहिजे.

याच उदाहरणावर एका विद्यार्थ्याने माझ्याशी वाद घातला होता. 2 सेंमीचे तेच वर्तुळ घेऊन त्याने पडदा डाव्या प्लेटमधून आरपार नेला आणि मागच्या तारेभोवती मिटवला. ‘सर, या पडद्याला तार छेदते, धारा पूर्ण 1 मिलिअँपिअर आहे, मग मॅक्सवेलची दुरुस्तीही फसली,’ असे त्याचे म्हणणे होते. वर्गातल्या हुशार मुलांनीही माना डोलावल्या, कारण आकृतीत प्लेट म्हणजे एक जाड रेघ होती आणि तिच्यात काही वाहते हे कोणाच्या ध्यानातच नव्हते. तारेतून मध्यभागी आलेला प्रभार प्लेटवर कडेपर्यंत पसरतो, म्हणजेच प्लेटच्या धातूतून त्रिज्येच्या दिशेने बाहेर जाणारी धारा असते. पडदा जिथे प्लेटला कापतो, तिथून 2 सेंमीच्या पलीकडचा भाग चार्ज करणारी 21/25, म्हणजे 0.84 मिलिअँपिअर धारा पिशवीबाहेर पडते. प्लेटच्या मागील बाजूस विद्युत क्षेत्र जवळजवळ नसल्यामुळे तिथे विस्थापन धारा धरायची नाही. 1 वजा 0.84, उरतात 0.16. म्हणून पडदा धातूला जिथे जिथे छेदतो, तिथे मी आधी गोल करतो आणि मगच आकडेमोडीला हात घालतो. आकृतीवर वेळ घालवणे ज्यांना नकोसे वाटते, त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

तारेची धारा आणि विस्थापन धारा यांची बेरीज करून 2 मिलिअँपिअर लिहिणारेही असतात. एका वेळी एकच पडदा घ्यावा आणि त्यातून जे जाते तेवढेच मोजावे. फटीतून इलेक्ट्रॉन उडी मारतात असे लिहू नये. कपॅसिटर पूर्ण चार्ज झाला की विद्युत क्षेत्र सर्वाधिक असते, परंतु ते बदलत नसल्याने विस्थापन धारा शून्य असते.

प्लेटांमध्ये विद्युतरोधक भरला म्हणून पुष्कळजण गोंधळतात. तीच 1 मिलिअँपिअर धारा असेल, तर विद्युत क्षेत्र κ पट संथ वाढते, पण ε₀ ऐवजी κε₀ येतो, त्यामुळे एकूण विस्थापन धारा तेवढीच राहते.

हा सारा हिशेब क्षेत्र एकसारखे आहे या गृहीतकावर उभा आहे. इथे फट 2 मिमी आणि त्रिज्या 5 सेंमी असल्याने ते चालते; फट त्रिज्येइतकी रुंद केली, तर कडेला क्षेत्ररेषा बाहेर फुगतात आणि r²/R² हे गुणोत्तर वापरता येत नाही. तसेच धारेची वारंवारता वाढवत गिगाहर्ट्‌झपर्यंत नेली, की तरंगलांबी प्लेटच्या आकाराच्या जवळपास येते आणि प्लेटभर क्षेत्र एकाच वेळी सारखे बदलते असे धरता येत नाही.