विसर्जनानंतरची बीच सफाई: व्हॉलंटिअर्सना मेल करताना या चुका टाळा

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी जुहूला सफाई करायची, साठेक जणांनी नावं दिलीयत, आणि मेल जातो "सकाळी 7 वाजता जुहू बीचवर भेटूया", बस. आता जुहूचा किनारा काही किलोमीटर लांब आहे, त्यामुळे कोणी चौपाटीच्या स्टॉल्सपाशी उभं, कोणी कोळीवाड्याच्या टोकाला, आणि कोऑर्डिनेटरचा फोन सारखा वाजतोय. रिपोर्टिंग पॉइंट म्हणजे एकच जागा हवी, जिथे उभं राहिल्यावर समोर काय दिसतं हे लिहिलेलं असेल, सोबत मॅपचा पिन, आणि तो पिन जागेवर जाऊन टाकलेला बरा, कारण नुसतं नाव सर्च करून टाकला की तो कुठेतरी बीचच्या मध्यावर पडतो.

वेळेचा घोळ याहून मोठा. मागच्या सफाईचा मेल कॉपी करून तारीख बदलून पाठवतात, पण भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. या दिवशी पौर्णिमा आसपासच असते, मुंबईत तेव्हा ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास आणि मोठी भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे मूर्तींचे अवशेष वाळूवर उघडे असतात ते सकाळीच, नऊला बोलावलं तर निम्मं काम पाण्याखाली जातं. त्या तारखेचा भरती-ओहोटीचा तक्ता बघूनच वेळ ठरवा, आणि हजेरी किती वाजता, काम सुरू किती वाजता, हे वेगवेगळं लिहा.

कामांची वाटणी एक्सेलमध्ये जोडू नका प्लीज, चालत्या रिक्षात मोबाइलवर स्वतःची ओळ कोण शोधणार? आणि शीटची लिंक दिली तर अर्ध्या लोकांना परवानगी मागायचा पडदा येतो. त्यापेक्षा निर्माल्य गोळा करणारे, अवशेष उचलणारे, गोणी मोजून नोंद करणारे असे गट पाडा आणि प्रत्येक गटाला वेगळा मेल करा, सगळे पत्ते Bcc मध्ये टाकून. पहिल्या चार ओळींत सगळं आलं पाहिजे:

काम: अवशेष उचलणे (जाड ग्लोव्ह्ज आम्ही देतो, बूट घालून या)
हजेरी 6:15, काम 6:30 ते 9:30
जागा: चौपाटीचं मुख्य प्रवेशद्वार, निळा बॅनर
गटप्रमुख: नाव आणि मोबाइल नंबर

आणि ऐनवेळी काही बदललं तर जुन्याच मेलला रिप्लाय करू नका, विषयाच्या ओळीत जुनीच वेळ राहते आणि नोटिफिकेशनमध्ये लोक तेवढंच वाचतात. नवीन मेल टाका, विषय "बदल: हजेरी 6:15 ऐवजी 6:00", आणि "फक्त 'येतोय' किंवा 'येतेय' एवढाच रिप्लाय करा" असं लिहा. रात्रीपर्यंत ज्यांचा रिप्लाय नाही त्यांना गटप्रमुखाने फोन करायचा, म्हणजे गोण्या आणि ग्लोव्ह्ज किती न्यायचे ते रात्रीच कळतं.