गाडी घेताना फक्त ईएमआय बघताय? या चुका टाळा

माझा मावसभाऊ पुण्यात नोकरी करतो, इन हँड ६५ हजार. मागच्या महिन्यात कोटेशन घेऊन घरी आला, ऑनरोड साडेनऊ लाखाची पेट्रोल गाडी, डाऊनपेमेंट अडीच लाख आणि बाकी ७ लाख लोन, साडेनऊ टक्क्याने ७ वर्षांसाठी. हप्ता साधारण ११,४५०. म्हणाला, घरभाडं, एसआयपी, घरखर्च सगळं जाऊन गाडीसाठी महिन्याला १८ हजार निघतात, म्हणजे आरामात बसतंय. मी म्हटलं थांब, आधी हप्ता बाजूला ठेव आणि बाकीचं मांडू.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की हप्त्यापासून सुरुवात करायची. हप्ता शेवटी येतो, कारण गाडी ५ लाखाची असो की ९ लाखाची, पेट्रोल, पार्किंग, धुणं यात फार फरक पडत नाही.

पेट्रोलमध्ये लोक ब्रोशरचं मायलेज धरतात. त्याचं ऑफिस १६ किलोमीटर, २२ दिवस जाऊन येऊन ७०० आणि वर इकडचं तिकडचं २०० धरलं तर महिन्याला ९००. ब्रोशरच्या २० ने भागलं तर ४५ लिटर, पण सिग्नल, ट्रॅफिक आणि एसीमध्ये १५ च धरावं, म्हणजे ६० लिटर. १०५ रुपयांनी ६,३०० झाले, ब्रोशरपेक्षा दीड हजाराने जास्त. खरं मायलेज काढायचं असेल तर ओळखीच्या कोणाच्या तशाच गाडीत टाकी ऑटो कटपर्यंत फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, आठवडाभर चालवून त्याच पंपावर परत फुल करा आणि जितके किलोमीटर झाले त्याला जितकं पेट्रोल बसलं त्याने भागा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका.

इन्शुरन्सचा घोळ वेगळाच आहे. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, ३ वर्षांचा एकदम घ्यावा लागतो आणि तो ऑनरोडमध्येच धरलेला असतो, म्हणून दुसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेजचं, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचं, रिन्यूअल येतं आणि माणसाला वाटतं स्वस्त आहे की, मग चौथ्या वर्षी थर्ड पार्टी परत सुरू होतो आणि बजेट हलतं. त्यामुळे पहिल्यापासून दोन्ही धरायचे. आम्ही झिरो डेप सकट वर्षाला १८,६०० धरले, म्हणजे महिन्याला १,५५०.

मेंटेनन्समध्ये लोक फक्त सर्व्हिसिंग मोजतात, कारण फ्री सर्व्हिसची कूपनं हातात असतात (फ्री फक्त लेबर असतं, ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात). टायर चार वर्षांनी एकदम २० हजार घेऊन जातात, बॅटरी साधारण त्याच सुमाराला ६ हजार. आम्ही वर्षाला सर्व्हिसचे ८ हजार, टायरचे ५ आणि बॅटरीचे दीड असे साडेचौदा हजार धरले, महिन्याला साधारण १,२००. सोसायटीचं पार्किंग ५००, गाडी धुणाऱ्या दादांचे ६००, टोल ५००.

सगळं मिळून १०,६५० झाले, हप्ता न धरता! त्यात ११,४५० घातले की २२,१००. तो थोडा वेळ काही बोललाच नाही.

आता उलटं करायचं. १८ हजारातून १०,६५० गेले, हप्त्याला उरले ७,३५०. साडेनऊ टक्क्याने ५ वर्षांसाठी एक लाखाला साधारण २,१०० हप्ता बसतो, म्हणजे लोन साडेतीन लाख. त्यात हातातले अडीच लाख मिळवले की ६ लाख, ही त्याची मर्यादा, आणि तीही ऑनरोडची. बरेच जण इथे घसरतात आणि ६ लाख एक्स-शोरूम शोधत बसतात. महाराष्ट्रात १० लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, वर इन्शुरन्स आणि बाकीचे चार्जेस, त्यामुळे ऑनरोड ६ लाखात एक्स-शोरूम साधारण ५ लाख १० हजारापर्यंतच जाता येतं.

आकडा छोटा दिसला की शोरूमवाले म्हणतात ७ वर्षं करू, हप्ता कमी बसेल. लाखाला २,१०० चे १,६३५ होतात खरे, पण त्याचं ७ लाखाचं लोन घ्या, ३ वर्षांत ४ लाख १२ हजार भरूनही ४ लाख ५५ हजार बाकी राहतात. त्या वेळी गाडी विकायची वेळ आली तर आलेल्या पैशातला मोठा भाग बँकेलाच जातो. म्हणून मर्यादा ५ वर्षांवरच काढा.

सेकंड हँड घेणार असाल तरी हिशोब हाच, फक्त व्याजदर जास्त धरा आणि टायर-बॅटरीचे २५ हजार पहिल्या दिवशीच डाऊनपेमेंटमधून बाजूला काढा.

भावाने अजून गाडी बुक केलेली नाही. एक तारखेला १८ हजार वेगळ्या अकाउंटला टाकतोय आणि रिक्षा-कॅबचे पैसे त्यातूनच देतोय, तीन महिने असं जमलं तर १८ हा आकडा खरा, नाहीतर ६ लाखाची मर्यादा अजून खाली आणायची असं आमचं ठरलंय.