मोटिफ पेरताना या चुका टाळा: शेजारच्या किल्लीचं उदाहरण

ठाण्यात, विशेषतः नौपाड्यात, जुन्या इमारतींच्या पुनर्विकासावर शॉर्टफिल्म करणारे बरेच आहेत. विषय जिवंत आहे आणि लोकेशन घराजवळ मिळतं. पण पटकथेत एखादी वस्तू पुन्हापुन्हा आणून तिच्यातून अर्थ उभा करायचा, म्हणजेच मोटिफ पेरायचा म्हटलं की त्याच त्या चुका होतात. त्या दाखवायला एक नमुना घेऊ. समजा फिल्म अठरा मिनिटांची आहे. तीन मजली इमारत, समोरासमोर दोन दारं. शेजारच्यांच्या घराची जादा किल्ली आईच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली. इमारत पडते, माणसं भाड्याच्या घरांत पांगतात, किल्ली आईकडेच राहते. वस्तू उत्तम निवडली आहे, कारण ती रोजच्या वापरातली आहे, हातातून हातात जाते आणि दार पाडलं गेलं की तिचं कामच संपतं.

पहिल्याच सीनमध्ये क्लोजअप

सगळ्यात जास्त फिल्म इथेच बिघडतात. पहिल्या मसुद्यात हमखास असं लिहिलेलं असतं: काळोखं स्वयंपाकघर, खिळ्यावरच्या किल्लीचा तीन सेकंदांचा इन्सर्ट, पार्श्वसंगीतात एक लांब सूर. लेखकाला वाटतं, वस्तू ठसली. प्रेक्षकाला मात्र वाटतं, आता चोरी होणार. एकट्या वस्तूचा क्लोजअप प्रेक्षकाला कथानकाचं वचन देतो: ही पुढे काहीतरी घडवणार. मग तो अठरा मिनिटं चोराची वाट बघतो आणि आईकडे त्याचं लक्षच राहत नाही.

किल्ली पहिल्यांदा दिसावी ती कामात, आणि सीन दुसऱ्याच कशाचा तरी असावा. मुलगा आईला बिल्डरचा करारनामा समजावतोय, चौरस फुटांचा हिशेब चाललाय. तेवढ्यात गॅसवाला शेजारच्यांचा सिलिंडर घेऊन येतो, तिथल्या काकू कामावर गेल्यात. आई बोलता बोलता खिळ्यावरची किल्ली काढते, समोरचं दार उघडते, सिलिंडर आत ठेवून घेते, परत येऊन किल्ली जागेवर टांगते आणि विचारते, “हं, किती फूट म्हणालास?” हे सगळं मिड शॉटमध्ये, न कापता. प्रेक्षकाला किल्ली कळली, खिळा कळला, दोन घरांमधला विश्वास कळला आणि कुणीही त्याकडे बोट दाखवलं नाही.

या सीनमध्येच एक बारीक खोच आहे. ओळखू यावी म्हणून अशा किल्लीला लोकरीचा धागा बांधतात आणि आर्ट डिपार्टमेंट हटकून लाल लोकर आणतं. घरगुती सिलिंडरही लालच. आई सिलिंडरशेजारी उभी राहिली की धागा त्या रंगात बुडून जातो. पिवळी लोकर घ्या आणि त्या स्वयंपाकघरातून पिवळं काहीही, अगदी डस्टरसुद्धा, बाहेर काढा. फ्रेममध्ये तो रंग एकाच ठिकाणी असला की डोळा आपसूक तिथे जातो, मग क्लोजअपची गरज उरत नाही.

वस्तू परत येते, पण बदलत नाही

दुसरी चूक याहून चिवट आहे. अकरा सीनमध्ये किल्ली दिसते, अकराही वेळा त्याच खिळ्यावर, त्याच अंतरावरून. तिसऱ्यांदा दिसल्यावर ती भिंतीचा भाग होते. वस्तू परत आली की तिचं काहीतरी बदललेलं हवं: जागा, हात, अवस्था किंवा उपयोग. एका वेळी एकच बदला, नाहीतर तीच किल्ली आहे हे कळत नाही.

अठरा मिनिटांना पाच वेळा पुरे. पहिली गॅसवाल्याची. दुसऱ्या वेळी शेजारच्या काकू आत बाथरूममध्ये घसरून पडतात आणि किल्ली धावत काढावी लागते. इथे निकड बदलली. तिसऱ्या वेळी घर रिकामं करताना मुलगा भिंतीवरचं सगळं उतरवतो आणि किल्ली भंगाराच्या डब्यात टाकतो, आई ती उचलून पदराला बांधते. इथे जागा बदलली. चौथी वेळ घोडबंदर रोडवरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मालकाने भिंतीला खिळा ठोकायचा नाही असं बजावलंय, म्हणून किल्ली फ्रिजच्या हँडलला लटकते आणि दार उघडलं की दरवेळी आपटते. पाचव्या वेळी नव्या टॉवरमध्ये त्याच काकू भेटायला येतात. त्यांच्या दाराला आता आकडे दाबायचं कुलूप आहे. आई किल्ली पुढे करते, काकू ती हातात घेतात, क्षणभर थांबतात आणि परत आईच्या हातात ठेवतात.

या पाचव्या सीनमध्ये “आता दारच राहिलं नाही” असा संवाद लिहायचा मोह सगळ्यांना होतो. तो खोडा. आधीच्या चार वेळा नीट पेरल्या असतील तर वाक्य लागत नाही, आणि पेरल्या नसतील तर वाक्याने भरपाई होत नाही.

पाच वेळा कमी वाटत असतील तर ‘पथेर पांचाली’ (1955) पुन्हा बघा. मण्यांच्या माळेवरून दुर्गावर चोरीचा आळ येतो, ती मार खाते आणि माळ कथेतून नाहीशी होते. दुर्गा वारल्यावर, घर सोडायच्या वेळी, ती धाकट्या भावाच्या, अपूच्या हाती लागते आणि तो ती तळ्यात फेकतो. मधला मोठा भाग माळ दिसतच नाही. तो काळ न दिसण्यामुळेच शेवटचा सीन एवढा लागतो. दर सीनमध्ये वस्तू ठेवणाऱ्यांना प्रेक्षकाच्या आठवणीवर भरवसा नसतो, एवढंच त्यातून दिसतं.

बाकीच्या, थोडक्यात

पिंजरा, फुटलेला आरसा, थांबलेलं घड्याळ, विझणारा दिवा: या वस्तू अर्थ आधीच ठरवून येतात, तुमच्या फिल्मला त्यात भर घालायला जागा राहत नाही.

तलावपाळीचे चार सुंदर शॉट मध्येमध्ये टाकले म्हणजे मोटिफ होत नाही. पात्रं तिथे काहीतरी करत असतील तरच.

एडिटवर बसल्यावर मोटिफ सुचणं ही घाईची खूण आहे. शूट झालेल्या सीनमध्ये वस्तू नसेल तर सुटे इन्सर्ट घेऊन चिकटवावे लागतात, आणि ते चिकटवलेलेच दिसतात.

शूटिंग सीनच्या क्रमाने होत नाही, हे विसरून चालत नाही. टॉवरमधला शेवटचा सीन बहुतेकदा पहिल्याच दिवशी उरकतात, कारण फ्लॅट तेव्हाच मिळतो. म्हणून सारख्या तीन किल्ल्या करून घ्या: एक चकचकीत, नव्या लोकरीची. एक मधली. एक काळवंडलेली, लोकर विटून दोरा सुटलेली. प्रत्येकीला सीन नंबरची चिठ्ठी लावून वेगळ्या पाकिटात ठेवा आणि शॉट संपला की तिथल्या तिथे फोटो काढा. पटकथेशेजारी एक साधा तक्ता असू द्या: सीन, किल्ली कुठे, कुणाच्या हातात, कुठली किल्ली, शॉट किती जवळचा, आवाज आहे की नाही.

रफ कट दाखवताना “किल्ली लक्षात आली का?” असं विचारू नका, प्रश्नातच उत्तर आहे. “त्या जुन्या घरातलं काय काय आठवतं?” असं विचारा. कुणी म्हणालं, “किल्लीचं पुढे काय झालं ते कळलं नाही,” तर ती जास्त ठळक झालीय. सुटे इन्सर्ट काढा, संगीत काढा. कुणालाच आठवली नाही तर लगेच क्लोजअप वाढवू नका, आधी आवाज वाढवा. खिळ्यावरून किल्ली काढतानाची खळखळ पहिल्या सीनमध्ये स्वच्छ ऐकू आली की चौथ्या सीनमध्ये फ्रिजवरची आपट फ्रेमबाहेरून आली तरी ओळखू येते. हा आवाज त्याच स्वयंपाकघरात, पंखा बंद करून, शूटच्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवा. इमारत पडल्यावर ती भिंत आणि तिचा घुमारा परत मिळत नाही.