आजारपणात असाइनमेंटची मुदत मागताना तारीख आपणच सुचवा

"ताप आहे, थोडी मुदत द्या" एवढाच मेल गेला, की मॅडमना उलट विचारावं लागतं: किती दिवस? त्यात गावातली रेंज गेली, तर त्यांचा प्रश्न आपल्यापर्यंत पोचेस्तोवर मुदतच संपते. म्हणून पहिल्याच मेलमध्ये सगळं लिहा. उदाहरणार्थ:

"आदरणीय मॅडम, मी बी.कॉम. तृतीय वर्ष, रोल नंबर १७. मार्केटिंगची असाइनमेंट शुक्रवारी द्यायची आहे. सोमवारपासून ताप असल्याने आठवडी बाजारातील संत्रा विक्रेत्यांच्या मुलाखती राहिल्या. प्रस्तावना आणि प्रश्नावली तयार आहे, सोबत जोडली आहे. पुढच्या बुधवारपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती."

बाजार मंगळवारी, म्हणून बुधवार मागितला. तारखेला असा आधार असला की ती पटते. झालेलं काम जोडणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. काम खरंच सुरू होतं, हे त्यातून दिसतं.

१. विषयाच्या ओळीत नाव, रोल नंबर आणि "मुदतवाढीची विनंती" लिहा.
२. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरचा फोटो जोडा. तारीख वाचता यायला हवी.
३. मेल मुदतीच्या आधी पाठवा.

मात्र पाठवल्यावर 'आउटबॉक्स' नक्की बघा. रेंज कमी असली की फोटो जोडलेला मेल तिथंच अडकतो. 'सेंट'मध्ये दिसला तरच गेला समजा.