फॉर्मची स्क्रीन हातावेगळी करण्याआधी: कीबोर्ड उघडा ठेवून तपासा

होमस्टेच्या नोंदणीचा फॉर्म समोर धरू. नाव, मोबाइल, घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, पिनकोड असे सात रकाने. ते एकाखाली एक लावा, शेजारी-शेजारी नकोत. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

लेबल रकान्याच्या वर आणि कायम दिसणारं हवं. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ‘घर क्रमांक’ लिहून भागवू नका, कारण पहिलं अक्षर टाइप होताच ते नाहीसं होतं. मग चूक दुरुस्त करायला परत आलेल्या माणसाला समोर नुसतं ‘142/A’ दिसतं आणि तिथे काय विचारलं होतं ते आठवावं लागतं. फिकट राखाडी रंग तर कळंगुटच्या उन्हात वाचताच येत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान 4.5:1 इतका काँट्रास्ट ठेवा.

अंतराचा नियम साधा आहे: लेबल आपल्याच रकान्याला चिकटलेलं दिसावं, वरच्या रकान्याला नव्हे. लेबल आणि रकाना यांत 8 डीपी, दोन रकान्यांत 24. रकान्याची उंची 48 डीपीपेक्षा कमी नको. पण ती ठरावीक आकड्यावर बांधूनही टाकू नका. फोनची अक्षरं मोठी केली की देवनागरीच्या वेलांट्या वरून आणि उकार खालून कापले जातात.

आता सहज राहून जाणारी गोष्ट. प्रत्येक रकान्यात मुद्दाम चूक करा आणि कीबोर्ड उघडा ठेवूनच चूक सांगणारा संदेश दिसतो का ते पाहा. कीबोर्ड स्क्रीनचा मोठा भाग व्यापतो आणि संदेश रकान्याच्या खाली येतो, म्हणजे नेमका कीबोर्डच्या मागे जातो. माणूस ‘पुढे’ दाबतो, काहीच होत नाही, पुन्हा दाबतो, शेवटी ॲप बंद करतो. डिझाइनच्या फाइलमध्ये कीबोर्ड काढलेलाच नसतो, म्हणून तिथे हे कळत नाही. अँड्रॉइडवर `adjustPan` असेल तर स्क्रीन फक्त लिहिण्याचा रकाना दिसेल एवढीच सरकते. खालचा संदेश झाकलेलाच राहतो. त्याऐवजी मॅनिफेस्टमध्ये हे असावं:

```
android:windowSoftInputMode="adjustResize"
```

अँड्रॉइड 15 साठी बांधलेल्या ॲपमध्ये मजकूर काठापर्यंत पसरतो, त्यामुळे तिथे एवढ्याने भागत नाही. कीबोर्डच्या उंचीइतकी जागा स्वतः सोडावी लागते. कंपोझ वापरत असाल तर `imePadding()`. आयफोनच्या अंकांच्या कीबोर्डला रिटर्न बटण नसतं, तेव्हा तो मिटवायला वर ‘झालं’ द्या. ‘पुढे’ दाबल्यावर पहिल्या चुकीच्या रकान्यापाशी स्क्रीन स्वतः सरकली पाहिजे, आणि रकाना व संदेश दोन्ही दिसले पाहिजेत. हे छोट्या फोनवर, कीबोर्ड उघडा ठेवून पाहा.

संदेशाचे शब्द. ‘अवैध माहिती’ लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘मोबाइल क्रमांकात 10 अंक हवेत, इथे 9 आहेत’ असं लिहा. तो टाइप करता करता दाखवू नका, नाहीतर पहिल्याच अंकाला लाल ओळ उमटते; माणूस रकाना सोडून गेल्यावर दाखवा. एकदा चूक दाखवली की मात्र ती दुरुस्त होताच संदेश लगेच काढा. नुसत्या लाल रंगावर विसंबू नका, सोबत चिन्ह आणि शब्द हवेत. आणि लिहिलेलं काहीही पुसू नका.

त्याआधी, ही चूक माणसाची आहे का ते स्वतःला विचारा. +91, मधली मोकळी जागा, सुरुवातीचा शून्य हे सगळं ॲपने गुपचूप काढावं. मराठी कीबोर्डवरून आलेले ‘४०३’ हे अंक 403 मानावेत. घर क्रमांकात तिरकी रेघ आणि अक्षर चालू द्या. नावाच्या रकान्यात D'Souza लिहून पाहा, तेही आयफोनवरून: तो कीबोर्ड सरळ चिन्हाऐवजी वाकडं ’ टाकतो, आणि फक्त सरळ चिन्ह मान्य करणारा नियम माणसाचं स्वतःचंच आडनाव चुकीचं ठरवतो. गोव्यात असा फॉर्म चालणार नाही.

तालुका यादीतून निवडू द्या. पिनकोडला अंकांचा कीबोर्ड, सहा अंक. टॉकबॅक लावून संदेश वाचला जातो का ते ऐका. नेट तुटल्यावर भरलेलं टिकतं का पाहा. आणि पिनकोड हा सर्वांत खालचा रकाना: तिथे पाचच अंक लिहा, कीबोर्ड न मिटवता ‘पुढे’ दाबा. संदेश दिसला नाही तर स्क्रीन अजून तयार नाही.